दबावाखाली दिलेला राजीनामा: नोंदवायचा की सोडून द्यायचा?

महापे_शिफ्ट: काल एचआरने केबिनमध्ये बसवून ठेवलं. ‘राजीनामा दे, नाहीतर काढून टाकू, रिलीव्हिंग लेटर विसर.’ शेवटी पोर्टलवर ‘वैयक्तिक कारण’ निवडून सबमिट केलं. जबरदस्ती झाली हे आता नोंदवता येईल का, की नादी लागू नये?

वागळे_कामगार: आजच नोंदवा. राजीनामा अमलात येण्याआधी सहसा मागे घेता येतो, म्हणून मंजुरीची मेल यायच्या आत तुमची गेली पाहिजे. एचआर आणि रिपोर्टिंग मॅनेजर दोघांना पाठवा, स्वतःच्या खासगी आयडीवरून, कारण कंपनीचं लॉगिन कधीही बंद होतं. मजकूर चार ओळींचा पुरे: ‘काल दुपारी ४ ते ५.३० मला केबिनमध्ये बसवून ठेवलं. अमुक व्यक्ती हजर होत्या, अमुक शब्द वापरले. राजीनामा स्वेच्छेने दिलेला नाही, तो मागे घेत आहे. मी कामावर हजर आहे.’ मग खरंच गेटवर जा. पास चालला नाही तर तिथूनच वेळेसकट दुसरी मेल टाका. हे नसेल तर कंपनी म्हणते, स्वतःच येणं बंद केलं.

घणसोली७: एवढा खटाटोप कशाला? पोर्टलवर स्वतःच क्लिक केलंय, कोर्टात टिकणार नाही. दोन महिन्यांचा पगार मागा आणि सुटा.

वागळे_कामगार: अर्धं बरोबर. जबरदस्ती सिद्ध करायची जबाबदारी राजीनामा देणाऱ्यावरच येते आणि महिनाभर गप्प बसलात तर प्रकरण पातळ होतं. पण तडजोडीतही ही मेलच वजन देते. फक्त फुल अँड फायनलच्या कागदावरचं ‘स्वेच्छेने, कोणतीही बाकी नाही’ हे वाक्य न वाचता सही करू नका. सगळी केस तिथेच बुडते.

ऐरोलीकरीण: माझा राजीनामा नाही, बदली आहे. चार दिवसांत नागपूर. न गेले तर?

वागळे_कामगार: ताई, घरी बसू नका, गैरहजेरीची नोटीस येईल. ‘हरकत राखून’ असं लिहून मुदत मागा. आकसाने केलेली बदली महाराष्ट्राच्या १९७१च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात बसते. तक्रार ९० दिवसांत करावी लागते आणि अंतरिम स्थगिती मागता येते. मात्र नेमणूकपत्रात ‘कुठेही बदली’ असं कलम असेल तर आकस दाखवणं अवघड. तुमच्याच टीमला सोडून एकट्या तुम्हालाच का, हे दाखवा.

घणसोली७: आयटीतल्या टीम लीडला हा कायदा लागतो तरी का?

वागळे_कामगार: पदनाव नाही, प्रत्यक्ष काम बघतात. कोडिंग, टेस्टिंग करत असाल तर वाद घालता येतो. रजा मंजूर करणारा, अप्रेझल ठरवणारा असेल तर मार्ग दिवाणी न्यायालयाचा, तिथे नोकरी परत मिळण्यापेक्षा भरपाईचाच मामला होतो.

महापे_शिफ्ट: मी चार जणांची रजा मंजूर करतो, पण कोडही लिहितो.

घणसोली७: मग घ्या, इथेच दोन वर्षं भांडतील.

वागळे_कामगार: भांडतील. मेल तरीही आजच जाऊ दे.