मदत हवी आहे: मुदत संपल्यावर पैसे परत द्यायला नाही म्हणायचंय पण माणूस दुखवायचा नाही, मेसेज कसा लिहू?

दारव्ह्याची_पोरगी:
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यात शेती साहित्याच्या दुकानात बसते, फवारणी पंप, नळ्या, ताडपत्र्या असं सगळं, आणि व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरी माझ्याकडे असतात. एका काकाजींनी १६ लिटरचा बॅटरी पंप मागवला होता, २८५० रुपयांचा. आता म्हणतात परत घ्या, पोरानं यवतमाळहून दुसरा आणला. आमची मुदत माल मिळाल्यापासून ७ दिवस आहे. कुरिअरवाल्यानं ४ जुलैला पोचवल्याचं दाखवलंय आणि काकाजींचा मेसेज आला १९ जुलैला. मालकांनी मला हे टाइप करून दिलं, म्हणाले पाठवून दे:

«मुदत केव्हाच संपली. पंधरा दिवस वापरून मग परत देता, असं चालत नाही. नियम सगळ्यांना सारखे. पैसे मिळणार नाहीत.»

मला हे पाठवायची हिंमतच होऊन नाही राहिली. पैसे द्यायचे नाहीत हे मालकांचं पक्कं आहे, ते मी बदलू शकत नाही, पण त्या गावचे दहा-बारा घरं आपल्याकडूनच माल नेतात हो. कसं लिहू?

कापूसवाला_नेर:
अवो ताई कायदा वाचा आधी. ३० दिवसाच्या आत माल परत घ्याच लागते, बिलावर काहीही लिहिलेलं असो. मालकाले सांगा, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन लावन कोणी अन् मग बसा.

साहेबी_मराठी:
सोपं आहे, भावना आणायच्याच नाहीत. «आमच्या धोरणानुसार आपली विनंती विहित मुदतीनंतर प्राप्त झाल्याने नामंजूर करण्यात येत आहे.» विषय संपला.

जुनी_तक्रारवाली:
मी सहा वर्षं नागपुरात एका कंपनीच्या तक्रार विभागात होते, दिवसभर असेच नकार लिहायचे, आता गावीच असते. पहिले सांग, पंप बिघडलाय की नकोसा झालाय? यावर सगळं आहे. नेरवाल्या भाऊंचं अर्धं बरोबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ते ३० दिवस आहेत, पण सदोष मालासाठी, आणि बिलावर मुदत दिलेली नसेल तेव्हा. चांगला माल नकोसा झाला तर परत घ्यायची मुदत दुकान स्वतः ठरवतं. पण पंपात दोष असेल तर मग तुमच्या सात दिवसांच्या मागे लपू नका, तिथे नकार लिहायचाच नाही.

आणि दुसरं, ४ जुलैला पंप खरंच त्यांच्या हातात पडला का? आपल्याकडे कुरिअरवाला तालुक्याच्या दुकानात खोका ठेवून देतो आणि मोबाइलवर पोचवलं म्हणून दाबून मोकळा होतो.

दारव्ह्याची_पोरगी:
ताई आत्ता फोन करून विचारलं. पंप चांगला आहे, म्हणतात एकदाही टाकी भरली नाही. आणि तुमचं बरोबर निघालं, नाल्याले पूर होता म्हणून त्यांनी खोका ८ तारखेला उचलला. ८ पासून धरलं तरी १५ ला संपते ना?

जुनी_तक्रारवाली:
संपते. मग मेसेजमध्ये ८ तारीखच धर. ४ धरली असती तर ते म्हणाले असते माझ्या हातात तर आलाच नव्हता, आणि त्यांचं खरं होतं. त्यांच्या सोयीची तारीख धरूनही मुदत जाते हे दिसलं की माणूस निदान तारखेवर भांडत नाही.

मालकांच्या मेसेजात खरी चूक म्हणजे «वापरून परत देता». ते तुम्ही पाहिलेलं नाही, तो आरोप आहे, आणि मुदत संपली म्हणून नाही म्हणायचं असेल तर वापरला की नाही याचा संबंधच नाही. दोन कारणं दिली की माणूस कच्चं कारण पकडतो. ते म्हणतील वापरला नाही, येऊन पाहा, आणि मग वापरला नाही हे सिद्ध झाल्यावर पैसे का देत नाही याचं उत्तर तुझ्याकडे नसेल. म्हणून ज्यावर निर्णय झाला ते एकच कारण लिही, तारखांसकट.

साहेबी मराठीवाल्यांचं कारण बरोबर आहे, पण ते वाक्य काकाजी नातवाकडून वाचून घेतील आणि नातूही विचारेल विहित म्हणजे काय.

गजाननभाऊ:
माह्यासंगही असंच झालं बावा. सोयाबीनची ब्याग घेतली, उगवलंच नाही, दुकानदार म्हणे मुदत गेली. आता काय करू?

जुनी_तक्रारवाली:
भाऊ तुमचं वेगळं आहे, ते बियाणं न उगवल्याचं. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पिशवी, टॅग अन् बिल फेकू नका, आणि पाहणी होईपर्यंत वावर मोडू नका. वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.

पोरी, हे घे, तुझ्या हिशोबानं बदल:

«नमस्कार काकाजी. पंप परत घेण्याबद्दलचा तुमचा मेसेज मिळाला. खोका तुमच्या हातात ८ जुलैला आला, म्हणून आम्ही मुदत तिथूनच मोजली. ते ७ दिवस १५ जुलैला पूर्ण झाले आणि तुमचा मेसेज १९ ला आला, त्यामुळे पंप परत घेऊन पैसे देता येणार नाहीत. पंप घेऊन दुकानात यायची तसदी घेऊ नका. पंपाची वॉरंटी चालूच आहे, काही बिघाड निघाला तर बिल घेऊन या, वॉरंटीत दुरुस्त करून देऊ. घरी दोन पंप झाले हे समजते. कोणी असाच पंप विचारत आलं तर तुमचा नंबर द्यायचा का, ते कळवा.»

शेवटचं वाक्य मालकांना विचारल्याशिवाय टाकू नको, पाळता येत नसेल तर काढ. आणि «पंप घेऊन येऊ नका» हे काढू नको. आपण «पाहतो, सांगतो» लिहितो, आणि म्हातारा माणूस एसटीत खोका घेऊन तीस किलोमीटर येतो. गोड बोलून ताटकळत ठेवण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या वाक्यात नाही म्हटलेलं बरं.

कापूसवाला_नेर:
बरं ३० दिवसाचं समजलं. पण मी म्हणतो ती ७ दिवसाची गोष्ट काकाजीले माहीत होती काय? बिल तं खोक्यात येते, म्हणजे पैसे देल्यावर.

जुनी_तक्रारवाली:
हे मी विचारायला हवं होतं, भाऊ. आधी न सांगितलेल्या मुदतीवर नकार उभा करणं कठीण. पोरी, ऑर्डर घेताना काय पाठवता तुम्ही?

दारव्ह्याची_पोरगी:
ऑर्डर पक्की व्हायच्या आधी आपोआप एक मेसेज जातो, त्यात ७ दिवसांचं आहे, काकाजींना गेलेला दिसतोय. पण तो इंग्रजीत आहे हो.

साहेबी_मराठी:
गेला म्हणजे गेला. वाचायची जबाबदारी त्यांची.

कापूसवाला_नेर:
तुमच्या आज्यानं वाचला असता काय तो?

जुनी_तक्रारवाली:
कागदावर सांगितलंय, समजलं की नाही कोण जाणे. मी असते तर मालकांना एवढं म्हटलं असतं की मुदत ४ दिवसांनीच गेली आहे, पंप कोरा आहे, या एकदा बदलून दुसरं काही सामान द्या. नाही म्हणाले तर वरचा मेसेज पाठव, पण «तुम्हाला मुदत माहीत होती» असं कुठेही लिहू नको.

दारव्ह्याची_पोरगी:
विचारलं. मालक म्हणाले एकाला बदलून दिलं की उद्या दहा येतात. नंबर द्यायचं वाक्य ठेव म्हणाले, आणि इंग्रजी मेसेज मराठीत करू म्हणाले पण केव्हा ते नाही सांगितलं, तो मीच आज रात्री करते. काकाजींना वरचा मेसेज गेला, «घरी दोन पंप झाले»च्या जागी «पोरानं दुसरा आणला» केलं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही अजून.

गजाननभाऊ:
ताई, पंप कोणत्या कंपनीचा हाय? मले पाह्यजेच होता एक.