अनुभव धागा: खरेदीदारांच्या शंका वाचून वस्तूचे वर्णन नव्याने लिहिले, तेव्हा काय झाले?

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी अभिप्राय आणि प्रश्न वाचून आपल्या वस्तूचे वर्णन बदलले असल्यास नेमके काय केले आणि काय फसले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

आगळवाली, सिंधुदुर्ग

आम्ही कोकमाचे आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा घट्ट रस, विकतो. जुन्या वर्णनात ‘शुद्ध, नैसर्गिक, घरगुती, कोकणची चव’ एवढेच होते. तारे घसरू लागले, तेव्हा मी आधी मालाला आणि मग कुरिअरला दोष दिला. शेवटी पावसाळ्यात सवड मिळाल्यावर 64 अभिप्राय आणि 41 प्रश्न एका तक्त्यात उतरवून घेतले. एका अभिप्रायात दोन शंका असतील तर त्यांच्या दोन ओळी केल्या आणि शब्द खरेदीदाराचेच ठेवले, कारण ‘खारट’ या शब्दाचे मी ‘चवीबाबत तक्रार’ केले असते तर मुद्दाच हरवला असता.

सुरुवातीला मी फक्त एक तारा देणाऱ्यांचे वाचत होते. त्यांतले बरेचसे फुटलेल्या बाटल्यांविषयी होते. त्याला उपाय झाकणाचा, वर्णनाचा नव्हे, म्हणून त्या ओळी बाजूला काढल्या. खरा उलगडा तीन-चार ताऱ्यांत झाला. ‘रंग सुंदर, पण सरबत फार खारट झाले,’ असे एकीने लिहिले होते. म्हणजे लोक आगळाला गोड कोकम सिरप समजत होते! उरलेल्या ओळींत मीठ-साखरेच्या सर्वाधिक, 27 निघाल्या. त्याखालोखाल ‘एका बाटलीत किती पेले होतात’ याच्या होत्या. आमच्याकडे पोरासोरांनाही आगळ म्हणजे काय ते ठाऊक असते, त्यामुळे ते सांगावे लागेल असे कधी मनात आले नाही.

आता पहिलेच वाक्य असे आहे: ‘हे आगळ आहे, गोड सिरप नव्हे; यात साखर नाही, मीठ आहे.’ त्यापुढे ‘एका पेल्याला साधारण दोन चहाचे चमचे घ्यावेत, आणि चव पाहिल्याशिवाय वेगळे मीठ घालू नये’ हे येते. मोबाइलवर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, म्हणून ‘कोकणची चव’ खाली गेली. पुढच्या तीन महिन्यांत साखरेचा प्रश्न एकदाच आला. विक्री मात्र फारशी वाढली नाही. परत येणाऱ्या बाटल्या तेवढ्या कमी झाल्या.

मसाल्याचा डबा

मीही हेच केले आणि आलेल्या सर्व 22 प्रश्नांची उत्तरे वर्णनात घातली. तरीही लोक तेच प्रश्न विचारतात. त्यामुळे कोणी वर्णन वाचतच नाही, असे माझे मत झाले आहे.

आगळवाली, सिंधुदुर्ग

बावीस उत्तरांत ‘मसाला तिखट किती’ अशा वारंवार येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर कितव्या क्रमांकावर आहे, ते पाहावे. एकदाच विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या खरेदीदाराला दिले तरी पुरते.

नवा विक्रेता

वाईट अभिप्राय काढून टाकण्याची सोय कुठे असते?

जुना कारागीर, कोल्हापूर

तो प्रश्न इथला नव्हे. तरीही सांगतो, ते काढण्याआधी उतरवून तरी घ्या. आमच्या कोल्हापुरी चपलांवर निम्मे लोक ‘घट्ट’ लिहीत आणि निम्मे ‘सैल’, म्हणून ही मापे घेणाऱ्यांचीच चूक असे आम्ही धरून चाललो होतो. मुलीने खरेदीची आणि अभिप्रायाची तारीख शेजारी शेजारी मांडली, तेव्हा ‘घट्ट’ म्हणणारे पहिल्या आठवड्यातले आणि ‘सैल’ म्हणणारे महिन्या-दोन महिन्यांनंतरचे निघाले. कातडे वापराने सैलावते, हे आम्ही दुकानात तोंडी सांगत असू, पण लिहिले कधीच नव्हते. आता पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये कशी मोजावी ते दिले आहे आणि ‘पहिले काही दिवस घट्ट वाटेल’ हेही लिहिले आहे. त्या वाक्याने गिऱ्हाईक बिचकते, ते काढावे, असे मुलगी म्हणते. मला ते ठेवावेसे वाटते. आमचा वाद चालू आहे.

मसाल्याचा डबा

मग ज्या शब्दांत लोक स्तुती करतात तेच वर्णनात घ्यावेत ना? ‘माझे पित्त गेले’ असे कोकमाखाली दहा जणांनी तरी लिहिले असेल.

आगळवाली, सिंधुदुर्ग

सातजणांनी लिहिले आहे, पण मी ते घेतलेले नाही. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो असा दावा विक्रेत्याने करणे 2018 च्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या नियमांत बसत नाही, मग ते शब्द मुळात खरेदीदाराचे का असेनात. मला खरी अडचण दुसरीच आहे. ‘साखर नाही’ असे लिहिल्यापासून ‘मधुमेह असलेल्यांना चालेल का’ हा नवा प्रश्न सुरू झाला आहे, आणि त्याखाली एका खरेदीदाराने परस्पर ‘बिनधास्त घ्या’ असे उत्तर देऊन टाकले आहे. मिठाचे प्रमाण वर्णनात घातले आहे आणि ‘वैद्यकीय सल्ला डॉक्टरांकडून घ्यावा’ असे उत्तर त्याखाली दिले आहे, पण लोक वरचे उत्तर वाचून पुढे जातात. यावर कोणी काही केले असेल तर कृपया लिहावे.