रात्री गाडीचा नंबर वाचायचाय, दोनपैकी कुठला कॅमेरा ठेवू? (फोटो जोडलेत)

फाटकवाला_आरकेनगर
मंडळी, आमचं घर आर. के. नगरात, बोळाच्या अगदी शेवटी. जवळच्या कार्यालयात लग्न असलं की पाहुण्यांच्या गाड्या आत घुसतात आणि आमच्या फाटकासमोर मागं घेऊन वळवतात. मागच्या महिन्यात एकानं खांबाला ठोकलं आणि तसाच निघून गेला. जुन्या कॅमेऱ्यात नुसता पांढरा ठिपका दिसतोय.

दुकानदारानं दोन कॅमेरे बघायला लावून दिलेत. दोन्ही ४ मेगापिक्सेल, पोर्चच्या छज्जाखाली शेजारी शेजारी, साधारण दहा फूट उंचीवर. तिथून फाटक वीस फूट. फाटकाची रुंदी बारा फूट.

फोटो १, कॅमेरा 'अ': २.८ मिमीची लेन्स, रात्री पांढरा दिवा लागतो, चित्र रंगीत. पूर्ण फाटक, दोन्ही खांब, शेजाऱ्यांचा कट्टा, सगळं दिसतं. पाटीवर 'एमएच ०९' कळतं, पुढचं काही नाही.
फोटो २, कॅमेरा 'ब': झूमवाला, इन्फ्रारेड, चित्र काळं-पांढरं. फाटकाचा उजवा खांब चौकटीबाहेर गेलाय. पाटी मोठी दिसते पण ट्यूबलाइटसारखी पांढरी, अक्षरं गायब. शिवाय डाव्या कडेला धुकं आल्यागत दिसतंय.

दोन्ही फोटोंत गाडी माझ्या मेहुण्याचीच, उभी जागाही तीच. फोटो रेकॉर्डिंगमधून काढलेत, मोबाइलच्या लाइव्हवरून नाही. कुठला ठेवू?

रंकाळा_राजा
भावा, सरळ ८ मेगापिक्सेल घे. आमच्या दुकानात लावलाय, दिवसा रस्त्यापलीकडच्या बोर्डावरचा फोन नंबर वाचता येतोय. नाद खुळा!

तार_आणि_टेस्टर
राजाभाऊ, दिवसाचं बरोबर आहे तुमचं. रात्री गणित बदलतं. सेन्सर तेवढाच ठेवून पिक्सेल दुप्पट केले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो, मग चित्रात मुंग्या येतात. आणि इथं अडचण पिक्सेलच्या संख्येची कमी, ते कुठं खर्च होतात त्याची जास्त आहे.

फोटो १ नीट बघा. फाटक चौकटीच्या जेमतेम पाव भागात बसलंय. चित्राची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे फाटकाला साडेसहाशेच्या आसपास मिळाले, बाकीचे शेजाऱ्यांच्या कट्ट्यावर गेले. दुचाकीची मागची पाटी २० सेंटिमीटर रुंद असते, तिला ३५-३६ पिक्सेल येतील. त्यात दोन ओळी आणि एका ओळीत चार ते सहा अक्षरं. नुसत्या डोळ्यांनी वाचणं अवघडच. कारची लांब पाटी ५० सेंटिमीटरची, म्हणून तिथं 'एमएच ०९' तरी कळलं.

फाटकवाले, दोन गोष्टी सांगा. तुमचं फाटक पत्र्याचं की जाळीचं? आणि गाड्या मागं घेताना वेग किती असतो?

फाटकवाला_आरकेनगर
खाली तीन फूट पत्रा, वर उभे गज. वेग म्हणजे चालत्या माणसाएवढा, कधी त्याहून कमी.

शाहूपुरी_ताई
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्याकडं वायफायवाला, बॅटरीवरचा कॅमेरा आहे. पाऊस सुरू झाला की रात्रभर नोटिफिकेशन येतात आणि सकाळी बॅटरी संपलेली. काय करावं?

तार_आणि_टेस्टर
ताई, पावसाचे थेंब आणि उजेडाला जमणारे किडे त्याला हालचाल वाटतात. वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर सांगतो. इथं सांगितलं तर यांचं फाटक राहून जाईल.

फाटकवाले, तुमच्या फोटोंत चमक दोन तऱ्हेची आहे आणि दोन्हींवर उपाय वेगळा.

डाव्या कडेचं धुकं छज्जाचं आहे. इन्फ्रारेड दिवे चुन्याच्या पांढऱ्या छज्जावर आपटून परत लेन्समध्ये येतात. कॅमेरा अर्धा फूट खाली आणि छज्जाच्या कडेपर्यंत पुढं घ्या. घेण्याआधी खात्री करायची असेल तर छज्जाला काळं कापड लावून एक रात्रीचा फोटो काढा. धुकं गेलं, तर कारण तेच.

पाटीची चमक वेगळी. नवी उच्च सुरक्षा पाटी आलेला उजेड आला त्याच दिशेनं परत फेकते, आणि तुमचे इन्फ्रारेड दिवे तर लेन्सच्या भोवतीच आहेत. भोवती अंधार म्हणून कॅमेरा आपोआप शटर १/२५ सेकंदावर ठेवतो, त्यात पाटी करपते. तुमच्याकडं वेग कमी, म्हणजे हलल्यामुळं आलेला धूसरपणा हा मुख्य दोष नव्हे. मोबाइल ॲपमध्ये बहुतेक हे सेटिंग सापडत नाही, कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून कॅमेऱ्यात शिरा. एक्स्पोजरमध्ये शटर हातानं १/२५० करा, गेन अर्ध्यावर आणा. चित्र अंधारेल, घाबरू नका. पाटी तेवढी उजळ राहील आणि अक्षरं काळी उठतील. झूम एवढाच ठेवा की फाटक चौकटीत जेमतेम मावेल. मग दुचाकीच्या पाटीला शंभरावर पिक्सेल मिळतात.

रंकाळा_राजा
म्हणजे बाकी सगळा अंधार? मग चोर आला तर दिसणार कसा, दादा?

तार_आणि_टेस्टर
नाही दिसणार. म्हणून तर 'अ' काढू नका म्हणतोय. नंबरला 'ब', माणसांना आणि फाटकाला 'अ'. मात्र दोन्ही शेजारी शेजारी ठेवू नका, 'अ'च्या पांढऱ्या उजेडामुळं 'ब' रात्री रंगीत मोडवरच अडकू शकतो. तसं झालं तर 'ब'ला सक्तीनं नाइट मोडवर टाका.

फाटकवाला_आरकेनगर
काल रात्री करून बघितलं. छज्जाला काळी ओढणी बांधली (सौ.चा ओरडा खाल्ला), धुकं गेलं. १/२५० वर कारचा नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत वाचता आला. मागं घ्यायचा दिवा लागला तेव्हाही पाटी टिकली, नुसती दिव्याभोवती चमक होती. १/१०० वर मात्र आकड्यांच्या कडा परत पसरल्या. चित्रात आता खांबसुद्धा नीट ओळखू येत नाहीत, तो भाग 'अ' सांभाळतोय.

एक लोचा आहे. गाडी फाटकाला टेकायच्या बेतात आली की पाटी पत्र्यामागं जाते.

तार_आणि_टेस्टर
ते होणारच. दहा फुटांवरून बघताना तीन फुटांच्या पत्र्याच्या लगेच पलीकडचं झाकलं जातं. पाटी जमिनीपासून सव्वादोन फुटांवर धरली तर पत्र्यापासून साधारण दोन फुटांच्या आत आली की ती जाणार. त्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत मात्र ती समोर असते. ठोकल्याचा क्षण 'अ'मधून घ्या आणि नंबर त्याआधीच्या 'ब'च्या चित्रातून. दोघांची वेळ सेकंदाला जुळलेली हवी, नाहीतर वाद घालताना समोरचा त्यावरच बोट ठेवणार.

बॅटरीवाली_स्कूटर
माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरची पाटी हिरवी, अक्षरं पांढरी. आमच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात ती पाटी अख्खी राखाडी दिसते, अक्षरं शोधावी लागतात. शटर बदलून फरक पडेल काय?

तार_आणि_टेस्टर
इन्फ्रारेडला रंग कळत नाही, त्यामुळं तिथं शटरची मात्रा चालेलच असं नाही. तुमच्यासाठी पांढऱ्या दिव्याचा बरा पडावा, पण हिरव्या पाटीवर मी स्वतः अजून बघितलेलं नाही. फाटकवाले, गल्लीत कुणाची असेल तर 'अ' आणि 'ब' दोन्हींत एकेक फोटो काढून टाका की.

फाटकवाला_आरकेनगर
समोरच्या काकांकडं आहे. रविवारी रात्री विचारतो. 'ब' फाटकाच्या खांबावर बसवला तर?

रंकाळा_राजा
खांबावर नको भावा, पोरं बॉल मारतात.

तार_आणि_टेस्टर
बॉलचं राहू दे, अंतर फारच कमी होईल आणि कोन तिरका. तरी रस्त्याच्या दिशेनं बघता येत असेल तर एकदा हातात धरून फोटो काढा, मग ठरवू.