रोजा ‘सोडतात’ की ‘मोडतात’, आणि शुभेच्छा कोणत्या शब्दांत द्याव्यात?

अंबडकर

आमच्या अंबडच्या कारखान्यात दुसरी पाळी दुपारी साडेतीनला सुरू होते. सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास, म्हणजे ऐन पाळीत येत असल्यामुळे, रोजा असलेल्या सहकाऱ्यांना त्या वेळी १५ मिनिटे यंत्र सोडून जाण्याची मुभा देणारी सूचना मुख्य कार्यालयातून इंग्रजीत आली आणि तिचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी ‘उपवास मोडण्यासाठी १५ मिनिटे’ असे लिहून कागद फलकावर लावला. माझ्या विभागातल्या एका सहकाऱ्याने तो वाचला आणि हसत म्हणाला, “साहेब, मोडायला नका सांगू, सोडायला सांगा.” त्याच सकाळी मी त्याला उत्साहाने ‘ईद मुबारक’ म्हणालो होतो, त्यावर “अजून चोविसेक दिवस आहेत,” असे त्याने तितक्याच शांतपणे सांगितले होते.

एकाच दिवशी दोनदा चुकल्यामुळे विचारतो. ‘मोडणे’ खरेच इतके चुकीचे आहे का? आणि ज्याला उत्तरादाखल काही खुलासा करावा लागणार नाही, असे महिनाभर म्हणता येण्याजोगे काय आहे?

दूधबाजार

अंबडकर, आपले सहकारी बरोबर बोलले. एकादशीचा उपास आपण दुसऱ्या दिवशी सोडतो, आणि चुकून शेंगदाण्याऐवजी फुटाणा तोंडात गेला तर तो मोडतो. रोजाचेही तसेच आहे. सूर्यास्ताला खजूर खाऊन सोडला तो पुरा झाला, दुपारी जाणूनबुजून पाणी प्यायले तर मोडला. त्यातही आमच्याकडे एक बारकावा आहे. रोजा आहे हे विसरून कोणी घोटभर पाणी प्यायले, तर आठवल्याबरोबर थांबायचे आणि रोजा पुढे चालू ठेवायचा, तो मोडत नाही. आमच्या घरात ‘रोजा खोलला’ असेही म्हणतात, पण फलकावर ‘सोडणे’ शोभून दिसेल.

शुभेच्छांविषयी सांगायचे तर चंद्र दिसल्यापासून पूर्ण महिना ‘रमजान मुबारक’ म्हणता येते. ‘ईद मुबारक’ मात्र पुढचा चंद्र दिसल्यावर. पहिल्या शब्दांचा मोठा गुण असा की त्या व्यक्तीचा आज रोजा आहे की नाही, हे त्यात विचारलेलेच नसते. मी एका कार्यालयात होते तेव्हा दुपारी कपाटाआड उभी राहून पाणी पीत असताना एका भल्या बाईंनी पाहिले आणि मोठ्याने विचारले, “अगं, आज तुझा रोजा नाही?” मासिक पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, तो नंतर भरून काढायचा असतो, पण हे भरल्या खोलीत कोण सांगणार? मी “बरं वाटत नाही” म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत चौघींनी मला डॉक्टरांचे पत्ते दिले. आजारी माणसाला, प्रवासात असणाऱ्याला, गरोदर बाईलाही सवलत आहे, म्हणून ‘आज रोजा आहे ना?’ हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

पंचवटीचे गुरुजी

ताईंचे म्हणणे मान्य आहे, पण शब्दचर्चेत शब्दाकडेही पाहावे. ‘शुभेच्छा’ हा स्वच्छ मराठी शब्द हाताशी असताना मराठी माणसाने मराठी सहकाऱ्याला ‘मुबारक’ का म्हणावे? ‘रमजानच्या शुभेच्छा’ यात काय कमी आहे? तसेच फलकावर ‘रोजा’ऐवजी ‘निर्जळी उपवास’ लिहिले असते तर अर्थ अधिक स्पष्ट झाला असता, कारण आपल्याकडे निर्जळी एकादशी सर्वांना ठाऊक आहे.

द्राक्षवाला पिंपळगाव

गुरुजी, ‘रोजा’ आपलाच शब्द आहे. महिनाभर रोज करायचा म्हणून रोजा, इतके सरळ आहे. आणि ‘मुबारक’ म्हणजे ‘मुबलक’चाच भाऊ, भरपूर मिळो, असा त्याचा अर्थ.

रोजकीर्द

पिंपळगावकर, आपण निम्मे जिंकलात. ‘रोज’ आणि ‘रोजा’ हे दोन्ही शब्द फारसीतल्या दिवस या अर्थाच्या एकाच शब्दावरून आले आहेत, पण रोजा रोज करायचा म्हणून नव्हे, दिवसा पाळायचा म्हणून रोजा. मी जुन्या वह्या वाचत असतो आणि त्यात ‘रोजकीर्द’ पानोपानी भेटते, तीही याच घरातली. ‘मुबलक’चे नाते मात्र ‘मबलग’शी आहे, ‘मुबारक’शी नाही. ‘मुबारक’ची सख्खी बहीण आहे ‘बरकत’, आणि ‘हाताला बरकत आहे’ असे गुरुजींच्या घरीही कधीतरी म्हटले गेले असेल. बहीण चालते, मग भाऊ का चालू नये?

‘निर्जळी उपवास’ हा शब्द मला अपुरा वाटतो. तो ऐकणाऱ्याच्या मनात आठ प्रहर उभे राहतात, आणि रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा असतो. शिवाय अलीकडे काहीजण आग्रहाने ‘रमदान’ लिहू लागले आहेत. अरबी उच्चार त्याच्या जवळ जातो हे खरे, पण आपल्याकडे हा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने ‘रमजान’ होऊन आला आणि ‘रोज’मधला ज त्याला पुरतो.

संकष्टी

माझा संकष्टीचा उपवास चंद्रोदयाला सुटतो, त्यामुळे मला या विषयाबद्दल आपुलकी वाटते. आमच्या कार्यालयात एका सहकाऱ्याचा रोजा असतो, तर त्याच्यासाठी दुपारी साबुदाण्याची खिचडी नेली तर चालेल का? मी तिखट कमी करते.

दूधबाजार

संकष्टीताई, आपली खिचडी नक्की न्यावी, पण डबा संध्याकाळी द्यावा. उपवासाचे आणि बिनउपवासाचे असा पदार्थांचा भेद रोजात नसतो. दिवसा काहीच नाही, आणि सूर्यास्तानंतर एरवी चालते ते सगळे. मुद्दाम विचारायचेही नाही. मेजावर ठेवून “घरी घेऊन जा” म्हटले की झाले. आणि ‘पाणीसुद्धा नाही?’ हे दर वर्षी विचारू नये, एवढी माझी विनंती आहे. तीस दिवसांत तीस जण तेच विचारतात.

पंचवटीचे गुरुजी

‘बरकत’ वापरात रुळला आहे, म्हणून तो चालतो. ‘मुबारक’ हा अजून विशिष्ट सणांपुरताच वापरला जातो, म्हणजे तो परकाच राहिला आहे. माझे मत बदललेले नाही. मी ‘शुभेच्छा’ म्हणेन, आणि त्यात आदर कमी पडतो असे कोणी दाखवून द्यावे.

दूधबाजार

कमी पडत नाही, गुरुजी. कोणी ‘रमजानच्या शुभेच्छा’ म्हटले तर मला आनंदच होतो आणि मी ‘खैर मुबारक’ म्हणते. आपल्याला तेही खटकेल, पण उत्तर माझ्या तोंडचे आहे.

अंबडकर

सूचना बदलली. घड्याळाची वेळ मी मुद्दाम काढून टाकली, कारण नाशिकचा सूर्यास्त या एका महिन्यातच आठ-दहा मिनिटांनी पुढे सरकतो आणि रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे तोच कागद पुढच्या वर्षी खोटा ठरला असता. आता फलकावर ‘रोजा सोडण्यासाठी सूर्यास्ताच्या वेळी १५ मिनिटे’ असे आहे.

तरीही अडलो. काल पावणेसातला सहकारी हात पुसत निघाला तेव्हा दिवसभरात ‘रमजान मुबारक’ म्हणून झाले होते. तेच पुन्हा म्हणणे विचित्र वाटले आणि गप्प राहणे कोरडे वाटले. शेवटी तोंडातून ‘या जाऊन’ निघाले, आणि मी त्याच्या यंत्राजवळ जाऊन उभा राहिलो. त्या क्षणासाठी खास शब्द आहे का?

रोजकीर्द

‘या जाऊन’ मला आवडले. ‘जा’ म्हणायचे नाही ही आपली रीत त्यात आहे.

पंचवटीचे गुरुजी

‘जाऊन या’ हा क्रम अधिक शुद्ध.