‘नाबाद’ खेळी आणि ‘सरासरी’: भागाकार नेमका कशाने करायचा?

मैदानवेडा: भाच्याच्या क्लबच्या स्कोअरबुकातील पाच पानांचे फोटो माझ्याकडे आले आहेत. त्याच्या खेळी अशा आहेत: 42 (30 चेंडू), 18 नाबाद (9), 0 (2), 61 नाबाद (48) आणि 25 (31). एकूण 146 धावा झाल्या. ‘सरासरी’ म्हणजे दर खेळीमागच्या धावा असे धरले तर 29.20 येते, मात्र क्लबच्या तक्त्यात 48.67 छापले आहे. मग या शब्दाचा क्रिकेटमधील अर्थ वेगळा आहे का?

ठाणेकर: वेगळाच आहे. नाबाद खेळी सरासरीत धरत नाहीत. त्या दोन खेळी वगळा आणि उरलेल्या तिन्हींना तीनाने भागा.

जुना गुणलेखक: ठाणेकर, तुमचा भाजक बरोबर आहे, पण भाज्य चुकले. तुम्ही सांगता तसे केले तर 42, 0 आणि 25 मिळून 67 धावा होतात आणि सरासरी 22.33 वर येते, म्हणजे ज्या दोन खेळींत त्याला कोणी बाद करू शकले नाही त्यांचीच त्याला शिक्षा होते. नाबाद खेळीतील धावा बेरजेत राहतात आणि ती खेळी खेळींच्या संख्येतही मोजली जाते. ती फक्त भाजकात येत नाही, कारण भाजक हा खेळींचा नसून बाद होण्याचा आहे. म्हणून 146 भागिले 3, अर्थात 48.67. डॉन ब्रॅडमन यांच्या 99.94 मागचे गणितही हेच आहे: 80 खेळींत 6996 धावा, त्यांपैकी 10 वेळा नाबाद, म्हणून 70 ने भागाकार. दर खेळीमागे काढले असते, तर हा आकडा 87.45 झाला असता.

गणितवाली: मग शाळेत शिकवतो त्या अर्थाने ही सरासरी नव्हेच, हे दर बळीमागच्या धावांचे गुणोत्तर आहे. फलंदाज एकदाही बाद झाला नाही तर भाजक शून्य होतो, त्या वेळी काय लिहिता?

जुना गुणलेखक: त्या रकान्यात आडवी रेघ मारतो. एकदाच बाद झाला तरी आकडा फसवा निघू शकतो. 1953 च्या इंग्लंड दौऱ्यात ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज बिल जॉन्स्टन एकदाच बाद झाले आणि शेवटच्या क्रमांकावर खेळूनही त्यांची सरासरी 102 नोंदली गेली.

मैदानवेडा: अर्थ समजला. अडचण फोटोची आहे. दुसऱ्या पानावर 18 च्या ओळीवरूनच घडी गेली आहे, त्यामुळे ‘कसा बाद’ हा रकाना वाचता येत नाही. चौथ्या पानावर चेंडू 48 आहेत की 43, तेही स्पष्ट दिसत नाही. वर मी अंदाजानेच लिहिले.

जुना गुणलेखक: अंदाज कशाला, त्याच पानावरून ताडून पाहा. संघाचे किती गडी बाद झाले आणि बाकीच्या ओळींत बाद झाल्याच्या किती नोंदी आहेत?

मैदानवेडा: सात जण खेळले, संघ पाच बाद. घडीखालची ओळ सोडली तर पाच जणांपुढे बाद झाल्याची नोंद आहे आणि एक नाबाद आहे.

जुना गुणलेखक: म्हणजे भाचा नाबादच आहे. चौथ्या पानावर चेंडूंचा ताळा करा. वाइड फलंदाजाच्या चेंडूंत धरत नाहीत, नो-बॉल मात्र धरतात. म्हणून सर्व फलंदाजांच्या चेंडूंची बेरीज ही टाकलेले वैध चेंडू अधिक नो-बॉल इतकी यायला हवी.

मैदानवेडा: वीस षटके पूर्ण झाली आणि दोन नो-बॉल पडले, म्हणजे 122. बाकीच्यांचे चेंडू 74 होतात, तेव्हा 48 बरोबर.

ठाणेकर: ‘स्ट्राइक रेट’ला आपला ‘धावगती’ हा चांगला शब्द आहे, तोच वापरा. पाचही खेळींचे स्ट्राइक रेट काढून त्यांची सरासरी घ्या, सोपे पडते.

गणितवाली: सोपे आहे, पण चूक. तसे केले तर 140, 200, 0, 127.08 आणि 80.65 यांची सरासरी 109.55 येते. दोन चेंडूंतल्या भोपळ्याला आणि 48 चेंडूंच्या खेळीला सारखेच वजन मिळते, हा त्यातला दोष. सगळ्या धावा आणि सगळे चेंडू एकत्र घ्या: 120 चेंडूंत 146 म्हणजे 121.67. इथे नाबाद असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही.

जुना गुणलेखक: शब्दाबद्दलही माझे मत वेगळे आहे. ‘धावगती’ ऐकले की संघाच्या दर षटकामागच्या धावा डोळ्यांपुढे येतात. 1975 च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर गावसकरांनी 174 चेंडूंत नाबाद 36 केल्या, त्याला ‘धावगती 20.69’ म्हटले तर वाचणारा चक्रावेल.

ठाणेकर: वाचकाला संदर्भावरून कळते. मी ‘धावगती’च लिहिणार.

सोसायटी कर्णधार: आमच्या स्पर्धेत 30 धावा झाल्या की फलंदाजाला निवृत्त व्हावे लागते. माझ्या अशा चार खेळी झाल्या आहेत. त्या नाबाद धरल्या तर माझी सरासरी किती होईल?

जुना गुणलेखक: दुखापत किंवा आजारपणामुळे बाहेर गेलेला फलंदाज परतला नाही, तर नाबाद लिहितात. इतर कारणाने गेला आणि पुन्हा खेळायला आला नाही, तर नियमानुसार ‘निवृत्त, बाद’ अशी नोंद होते.

सोसायटी कर्णधार: पण मी स्वतःहून गेलो नाही, तुमच्यासारख्या गुणलेखकानेच बाहेर बोलावले!

जुना गुणलेखक: तो तुमच्या आयोजकांचा नियम आहे, क्रिकेटचा नव्हे. त्यांनी नोंद कशी करायची ते लिहून ठेवले आहे का, ते आधी पाहा.