ड्रोनच्या फोटोंना सोळा थ्रेड द्यायचे की आठ?

वरूडवाला
संत्र्याच्या बागांचे ड्रोन फोटो जोडून नकाशे करून देतो. मशीन रायझन ७ ५७००एक्स, म्हणजे आठ कोअर आणि सोळा थ्रेड. रॅम ३२ जीबी, उबुंटू, सॉफ्टवेअर ओपनड्रोनमॅप. मागच्या आठवड्यातल्या कामात २० मेगापिक्सेलचे ४३० फोटो होते. एसएमटी, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय, चालू असताना ६ तास १० मिनिटं लागली, बायोसमध्ये बंद केल्यावर ४ तास ४० मिनिटं. मग हे जादा थ्रेड नुसते कागदावरचेच का? कायमचं बंद करून टाकू?

दर्यापूर
बंद करा आणि विसरा. मी जमिनीतल्या पाण्याच्या हालचालीचं मॉडेल चालवतो. त्यात सगळा वेळ मोठमोठी मॅट्रिक्स सोडवण्यात जातो. आठ कोअरवर आठ थ्रेड दिले की काम जेवढ्या वेळात होतं, सोळा दिले की त्याहून थोडं उशिराच होतं. दोन वर्षांत एकदाही उलटं झालेलं नाही. शेवटी गणित करणारं यंत्र प्रत्येक कोअरमध्ये एकच संच आहे, नावं दोन दिली म्हणून त्याचे दोन होत नाहीत. इंटेलने २०२४ च्या अ‍ॅरो लेक प्रोसेसरमध्ये हायपरथ्रेडिंग, म्हणजे त्यांचं एसएमटी, काढूनच टाकलं, त्यावरून काय ते समजा.

घाटंजी
भाऊ, माह्याकडे सेवा केंद्र हाये. जुना आय३, दोन कोअर चार थ्रेड. सातबारा काढायला ब्राउझर, स्कॅनर, प्रिंटर, सगळं संगच चालू राहते. तुमचं वाचून म्या पण बायोसमध्ये जाऊन हायपरथ्रेडिंग बंद केलं. आता स्कॅन चालू असला की माउसच अडकते. मशीन तर फास्ट व्हायले पायजे होतं ना? लोक बाहेर रांगेत उभे हायेत.

अचलपूरची
घाटंजीवाले दादा, आधी तुमचं. ते लगेच परत चालू करा. तुमच्याकडे दोनच कोअर आहेत आणि कामं चार-पाच, बहुतेक सगळी बारीक आणि थांबत थांबत चालणारी. अशा ठिकाणी जादा थ्रेड खरोखर उपयोगी पडतात. वरूडच्या प्रश्नाशी तुमच्या मशीनचा संबंध नाही.

आता वरूडवाले भाऊ. तुमच्या दोन आकड्यांमध्ये एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आहेत. एसएमटी बंद केलं म्हणून ओपनड्रोनमॅपला आठच थ्रेड दिसले आणि त्याने आठच कामं एका वेळी उघडली. चालू होतं तेव्हा सोळा उघडली. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थ्रेड आपापले फोटो रॅममध्ये घेऊन बसतो, फोटो जितका मोठा तितकी थ्रेडमागे रॅम जास्त. ३२ जीबीमध्ये सोळा जण मावले नसावेत असा माझा अंदाज आहे. वाया गेलेला दीड तास मशीनने स्वॅप करण्यात, म्हणजे रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर हलवण्यात घालवला असेल, तर त्यात प्रोसेसरचा काही दोष नाही.

पुढच्या वेळी काम चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये हे चालवा आणि `si` आणि `so` हे दोन स्तंभ बघा, पहिला डिस्कवरून रॅममध्ये परत येणाऱ्याचा, दुसरा रॅममधून डिस्कवर जाणाऱ्याचा:

```
vmstat 5
```

दाट पॉइंट क्लाउडच्या, म्हणजे फोटोंवरून बागेचे त्रिमितीय बिंदू काढायच्या टप्प्यात तिथे सतत हजारांचे आकडे दिसले, तर एसएमटीचा निकाल अजून लागलेलाच नाही असं समजा.

वरूडवाला
ताई, बघितलं. बायोसमध्ये एसएमटी परत चालू करून सोळा थ्रेडवर तेच काम लावलं. पहिल्या तासात दोन्ही स्तंभ शून्य. पॉइंट क्लाउड सुरू झाला आणि `so` मध्ये १८ हजार, २४ हजार असे आकडे यायला लागले. तेव्हाच `htop` मधल्या सोळा पट्ट्या अर्ध्याच्या खाली आल्या होत्या. मला वाटायचं पट्टी खाली आली म्हणजे मशीनला आराम आहे. ती डिस्कची वाट बघत होती.

दर्यापूर
म्हणजे शेवटी माझंच खरं झालं. आठवर रॅमही पुरते आणि वेळही वाचतो. बंद ठेवायला कारण अजून काय पाहिजे?

अचलपूरची
दर्यापूर, तुमच्या कामापुरतं तुमचं शंभर टक्के खरं आहे, आणि का ते बघण्यासारखं आहे. जिनिंगमध्ये एका रेच्यावर कापूस टाकायला दोन माणसं उभी केलेली बघितली असतील. एकाचा गठ्ठा सुटेपर्यंत रेचा रिकामा फिरतो, तेवढ्यात दुसरा हात टाकतो. फायदा होतो तो त्या रिकाम्या फेऱ्यांचा. तुमच्या मॅट्रिक्सच्या लायब्ररीत रिकामी फेरी जवळजवळ उरतच नाही. तुकडे कॅशेत बसतील असे कापलेले असतात आणि गुणाकार-बेरजेची दोन्ही यंत्रं जवळपास प्रत्येक चक्रात भरलेली असतात. तिथे दुसरा माणूस उभा केला की धक्काबुक्कीच होते. वर ५१२ केबीची एल२ कॅश दोघांत वाटली जाते. एकाच्या मापाने कापलेले तुकडे दोघांना पुरत नाहीत, मग दोघंही बाहेरच्या कॅशेकडे धावतात. तुम्हाला दिसतो तो थोडासा उशीर तिथून येतो.

फोटोंमधल्या खुणा शोधणं, त्या एकमेकींशी जुळवणं, कोड कंपाइल करणं, डेटाबेसमध्ये शोध घेणं, या कामांत प्रोसेसर सारखा कशाची तरी वाट बघत असतो. मेमरीतून एक पत्ता यायचा, तो आला की पुढचा कळायचा. नाहीतर कोड पुढे कोणत्या वाटेने जाईल हा प्रोसेसरचा अंदाज चुकला आणि हातातलं काम टाकून परत सुरुवात. त्या मोकळ्या वेळात दुसरा थ्रेड काम करून घेतो.

अ‍ॅरो लेकचं म्हणाल तर त्यांनी जादा थ्रेडची कामं लहान ई-कोअरवर ढकलली. त्याच २०२४ मध्ये एएमडीच्या झेन ५ मध्ये एसएमटी आहे, आणि इंटेलच्या मोठ्या कोअरवाल्या झिऑन ६ मध्येही हायपरथ्रेडिंग ठेवलेलं आहे. त्यावरून निकाल लावता येणार नाही.

मूर्तिजापूर
सुरक्षेचं कोणीच बोलत नाही. २०१८ मध्ये एल१टीएफ हा सुरक्षेचा दोष निघाला, त्याच वर्षी ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने इंटेलवर हायपरथ्रेडिंग आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली. मी तेव्हापासून सगळीकडे बंद ठेवतो.

अचलपूरची
एकाच कोअरवर अनोळखी माणसाचा कोड शेजारी चालत असेल तर ती भीती खरी आहे. भाड्याने व्हर्च्युअल मशीन देणाऱ्याने तो विचार करायलाच हवा. वरूडच्या मशीनवर त्यांचेच फोटो आणि त्यांचंच सॉफ्टवेअर आहे, मशीन एएमडीचं, आणि एल१टीएफ इंटेलच्या प्रोसेसरमधला दोष होता. इथे मी त्या कारणाने बंद करणार नाही.

वरूडवाले, आता खरी चाचणी करा. फोटोंची लांबी-रुंदी निम्मी करा, म्हणजे पिक्सेल चौथाई होतील आणि रॅमची अडचण बाजूला राहील. साठ फोटो घ्या. एसएमटी चालूच ठेवा, फक्त थ्रेडची संख्या बदला:

```
--max-concurrency 4
--max-concurrency 8
--max-concurrency 16
```

चारचा आकडा मी मुद्दाम सांगते आहे. चारवरून आठवर गेल्यावर खरे कोअर दुप्पट होतात. तिथेच वेळ निम्म्याजवळ येत नसेल, तर तो टप्पा मेमरीच्या रुंदीवर, डिस्कवर नाहीतर एकट्या थ्रेडवर अडलेला आहे. खरे कोअर वाढवून जे सुटलं नाही, ते नावाचे वाढवून सुटणार नाही. प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा लिहा, एकूण वेळेत सगळं झाकलं जातं.

वरूडवाला
काल रात्री केलं. दिवसा खोलीत पंखासुद्धा गरम वारा फेकतो, म्हणून रात्री. खुणा शोधून जुळवायला चार थ्रेडवर २० मिनिटं, आठवर साडेदहा, सोळावर ८. पॉइंट क्लाउडला २४, १३ आणि ११. शेवटी ऑर्थोफोटो, म्हणजे सरळ वरून दिसणारा नकाशा, जोडायला ९, ८ आणि ८. तुम्ही म्हणालात तसंच, जो टप्पा चार ते आठमध्ये हलला नाही तो सोळावरही हलला नाही.

एक विचारायचं होतं. आठ थ्रेडवर `htop` ५० टक्केच दाखवत होता. म्हणजे अर्धी मशीन शिल्लक होती ना? मग सोळावर वेळ निम्मा का नाही झाला?

अचलपूरची
ते ५० टक्के फसवे आहेत. सोळा नावांपैकी आठ कामाला लागलेली आहेत, एवढंच तो सांगतो. आठही कोअर तेव्हा गुंतलेलेच होते. तुमच्याच आकड्यांत बघा, उरलेल्या "अर्ध्या" मशीनने साडेदहाचे आठ केले, म्हणजे वेळेत चौथाईच्या आसपास बचत. जादा थ्रेडकडून मी यापेक्षा फार मोठी अपेक्षा ठेवत नाही.

तुमच्या मोठ्या कामाला ना आठ, ना सोळा. एसएमटी चालू ठेवा, `--max-concurrency 10` द्या आणि `so` शून्य राहतो का ते बघा. राहिला तर ११ करून बघा.

दर्यापूर
ताई, थ्रेडची संख्या कमी करणं आणि एसएमटी बंद करणं हे सारखं नाही, हे मी अनुभवाने सांगतो. चालू ठेवून आठ थ्रेड दिले की कधी कधी दोन थ्रेड एकाच कोअरवर बसतात आणि तेवढ्या फेरीला सगळे त्यांच्यासाठी थांबतात. तेच काम एकदा ४१ मिनिटं, एकदा ४७. बंद केलं की प्रत्येक वेळी ४१.

अचलपूरची
हा मुद्दा मला मान्य आहे. लिनक्स आधी मोकळा कोअर शोधतो, पण प्रत्येक वेळी साधतंच असं नाही. बंद न करता थ्रेड जागेवर बांधून बघा:

```
export OMP_NUM_THREADS=8
export OMP_PLACES=cores
export OMP_PROC_BIND=spread
```

आणि बंदच करायचं तर बायोसमध्ये जायची गरज नाही, चालू मशीनवर होतं:

```
echo off | sudo tee /sys/devices/system/cpu/smt/control
```

`off` च्या जागी `on` लिहिलं की परत येतं. मॉडेल चालवण्याआधी बंद, झाल्यावर चालू.

दर्यापूर
बांधून बघितलं. चार वेळा चालवलं: ४१, ४१, ४२, ४३. पुष्कळ सुधारलं, पण बंद असतानाचा ठाम ४१ आला नाही. ती दोन मिनिटं कुठे जातात ते मला कळलेलं नाही. मी ती `off` ची ओळ मॉडेलच्या स्क्रिप्टमध्येच टाकली आहे, माझ्याकडे बंदच राहील.

अचलपूरची
मागे चालणारी बारीकसारीक कामं तुमच्या कोअरच्या दुसऱ्या थ्रेडवर येऊन बसत असतील असा संशय आहे, पण न मोजता छातीठोकपणे सांगणार नाही.

घाटंजी
ताई, चालू केलं. माउस सुटला. आता स्कॅन चालू असतानाही सातबारा निघते. सोळा जीबी रॅम टाकली तर अजून फरक पडन काय?

वरूडवाला
दहा थ्रेडवर ४३० फोटो पूर्ण झाले, ४ तास १५ मिनिटं, `so` शेवटपर्यंत शून्य. अकरावर पॉइंट क्लाउडमध्ये आकडे परत दिसायला लागले, म्हणून तिथेच थांबवलं. पण हे दोन्ही रात्रीचे आकडे आहेत. आज दुपारी बाहेर ४५ अंश असताना दहावरच लावलं, तर प्रोसेसर ९० अंशांपर्यंत गेला आणि घड्याळाचा वेग घसरलेला दिसला. एकूण ४ तास ५० मिनिटं लागली. दुपारी आठच थ्रेड दिले तर वेग टिकून वेळ वाचेल का, ते उद्या बघतो. लाईट राहिली तर.