अंडरहँड पास, तीन स्टेशनं

> आठवीच्या वर्गात काही मुलं तालुका संघात खेळतात, काही चेंडू आला की डोळे मिटतात. व्हॉलीबॉल एकत्र कसा शिकवू?

कौशल्य सगळ्यांना एकच द्या, अंडरहँड पास. बदल 'स्टेप' या पद्धतीच्या चार अंगांनी करा: जागा, कृती, साहित्य, माणसं. मात्र मुलाचं स्टेशन एकदा ठरलं की एका वेळी एकच अंग बदला, नाहीतर मूल कशामुळे सुधारलं ते कळत नाही.

डोळे मिटणाऱ्यांची अडचण बहुधा भीतीची असते, म्हणून तिथे आधी साहित्य बदला. पहिल्या स्टेशनवर हलका प्लास्टिकचा चेंडू, जोडीदार दोन-तीन मीटरवरून हळू टाकेल, एक टप्पा पडला तरी चालेल. दुसऱ्या स्टेशनवर नेहमीचा चेंडू, मध्ये दोरी आणि पलीकडे पास टाकायला रिंगण. तिसऱ्यावर खरी सर्व्हिस घ्यायची आणि पास जाळीजवळच्या सेटरला द्यायचा.

पुढे कधी सरकवायचं? दहापैकी सात-आठ पास जोडीदाराला जागेवरून न हलता मिळाले की. निम्मेही जमत नसतील तर एक पायरी मागे. चेंडू डोक्यावरून मागे जात असेल तर अंतर कमी करून उपयोग नाही. तिथे कोपर वाकतंय किंवा हात खांद्यापर्यंत झुलतायत, ते सुधारा.

शिट्टीवर सगळ्यांना सगळी स्टेशनं फिरवू नका, त्याने ही विभागणीच मोडते. आणि संघातल्या मुलांना तासभर चेंडू टाकायला उभं करू नका, हे मी आग्रहाने सांगेन. पाच मिनिटं पुरे, मग त्यांना त्यांचा सराव हवाच.